आमच्या आधी येथे कोण होते?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहावेत, असे शाळेचे पत्र आले, तेव्हा आमच्या तुकडीतील आम्ही आठ-दहा जण एकत्र जमलो. काय लिहावे यावर बराच वेळ बोलणे झाले. कोणी क्रीडास्पर्धांची आठवण काढली, कोणी पहाटेच्या थंड पाण्याची. अखेर बोलणे ज्या एका प्रसंगावर येऊन थांबले, तो आम्ही आजवर घरच्यांनाही पुरता सांगितलेला नाही. तो प्रसंग करणीयमेत्त सुत्ताशी बांधलेला आहे. हे सुत्त या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला मुखोद्गत आहे, आम्हालाही होते. परंतु पाठ असणे आणि कळणे यांत किती अंतर असते, हे आम्हाला आठवीच्या वर्षी समजले.

त्या वर्षी जूनमध्ये आम्ही जुन्या वाड्यातून नव्या वसतिगृहात राहावयास आलो. इमारत गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी होती. वर पत्रे, मागे चिंचेची व आंब्याची जुनी झाडे आणि झाडांच्या पलीकडे एक विहीर. जागेला नुकतेच काटेरी तारेचे कुंपण घातलेले होते. पाऊस लांबला होता. तिसऱ्या की चौथ्या रात्री पत्र्यावर पहिला दगड पडला. मग रोजच पडू लागले. कधी एक, कधी पाठोपाठ चार-पाच. झाडांतून कोणी ओरडल्यासारखे आवाज येत. चिंचेच्या झाडाविषयी जे सर्वत्र बोलले जाते, ते आम्हीही घरून ऐकून आलो होतो. दिवसा आम्ही बावीस प्रतिज्ञा म्हणत असू आणि रात्री पांघरुणात तोंड खुपसून थरथरत असू. गंमत अशी की आपण भ्यालो आहोत हे कोणीच कोणाला सांगत नव्हते.

मग कोणीतरी सुचविले की झोपण्यापूर्वी मेत्त सुत्त म्हणावे. त्याने बाधा टळते. श्रीलंकेत मंगल, रतन आणि मेत्त ही तीन सुत्ते परित्राण म्हणून म्हटली जातात, हे भन्तेजींकडून ऐकलेले होते. त्या रात्रीपासून आम्ही ओळीने बसून मोठ्या आवाजात सुत्त म्हणू लागलो. दगड पडला की आवाज चढे. सर्व प्राणिमात्र सुखी होवोत अशी इच्छा आम्ही दात आवळून करीत होतो.

आम्हाला पाली शिकविणारे गुरुजी तेव्हा वसतिगृहातच राहत. चार-पाच दिवस त्यांनी हे ऐकून घेतले. एके संध्याकाळी वंदना झाल्यावर त्यांनी विचारले, "हे सुत्त बुद्धांनी कोणत्या प्रसंगी सांगितले, हे तुम्हांपैकी कोणास ठाऊक आहे?" आम्ही गप्प राहिलो. मंगलसुत्ताचा प्रसंग आम्ही धडाधड सांगितला असता, कारण तो सुत्तातच आहे: श्रावस्ती, जेतवन, रात्रीची वेळ, प्रश्न विचारावयास आलेली देवता. मेत्त सुत्तात तसे काहीही नाही. सुत्तनिपातात ते येते, खुद्दकपाठातही येते, आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या दहा गाथा थेट कर्तव्यापासून सुरू होतात. स्थळ नाही, काळ नाही, समोर कोण बसले आहे याचा पत्ता नाही. प्रसंग सांगितला आहे तो अट्ठकथेत, म्हणजे परंपरेने आचार्य बुद्धघोषांच्या नावावर असलेल्या टीकेत, आणि ती बुद्धांनंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली. गुरुजींनी हे प्रथमच सांगून टाकले. "म्हणून ही कथा इतिहास म्हणून ऐकू नका," ते म्हणाले. "हे सुत्त कसे वाचावे याची जुन्या आचार्यांनी दिलेली किल्ली म्हणून ऐका." मग त्यांनी कथा सांगितली.

पाचशे भिक्खू श्रावस्तीला बुद्धांकडून ध्यानाचा विषय घेऊन वर्षावासासाठी जागा शोधत निघाले. हिमालयाच्या बाजूस त्यांना दाट, थंड सावलीचे एक वन सापडले. जवळ पाणी होते, भिक्षेसाठी गाव होते. गावकऱ्यांना आनंद झाला. त्यांनी कुट्या बांधून दिल्या, खाटा व पाण्याची भांडी दिली. भिक्खू झाडांखाली बसून ध्यान करू लागले. त्या झाडांवर वृक्षदेवता राहत होत्या. खाली शीलवंत माणसे बसलेली असताना आपण वर कसे राहावे, म्हणून त्या आपापली घरे सोडून, मुलांना बरोबर घेऊन खाली उतरल्या आणि इकडेतिकडे भटकू लागल्या.

येथे अट्ठकथेने एक उपमा दिली आहे, ती सांगताना गुरुजी थांबले. एखाद्या खेड्यात राजा किंवा राजाचा अमात्य मुक्कामास येतो. गावकऱ्यांची घरे त्याच्या लवाजम्यासाठी रिकामी होतात. घरधनी बाहेर कोठेतरी राहतात आणि दुरून आपल्याच घराकडे पाहत मनात म्हणतात की हे जाणार तरी कधी? देवतांचे तसे झाले. आज जातील, उद्या जातील, म्हणून त्यांनी वाट पाहिली. भिक्खू तर तीन महिन्यांसाठी आले होते. हे कळल्यावर देवतांनी त्यांना घालवून देण्याचा उपाय योजला. त्यांनी भयंकर रूपे दाखविली, भयंकर आवाज केले, दुर्गंध पसरविला. भिक्खूंचे काळीज धडधडू लागले, चेहरे पिवळे पडले, डोके दुखू लागले, चित्त स्थिर होईना. आणि त्यांच्यापैकी कोणीही हे दुसऱ्यास सांगितले नाही. शेवटी ज्येष्ठ थेरांनीच विचारले की आलात तेव्हा तुमची कांती किती निर्मळ होती, आता असे फिकट का दिसता? तेव्हा एकाने तोंड उघडले, आणि मग सर्वांनी.

ते सर्व श्रावस्तीला परत आले. वर्षावासात प्रवास करू नये हा नियम असताना तुम्ही का निघालात, असे बुद्धांनी विचारले. हकीकत ऐकल्यावर त्यांनी या भिक्खूंसाठी दुसरी जागा मिळते का, याचा विचार केला. अट्ठकथा म्हणते की साऱ्या जंबुद्वीपात त्यांना अनुकूल अशी चौरंग ठेवण्याएवढीही दुसरी जागा दिसली नाही. म्हणून त्यांनी भिक्खूंना त्याच वनात परत पाठविले आणि जाताना हे सुत्त दिले. परित्राण म्हणून दिले, तसेच ध्यानाचा विषय म्हणूनही दिले.

आम्ही कथेच्या शेवटाची वाट पाहत होतो, आणि तो आम्हाला हवा तसाच होता. भिक्खू सुत्त म्हणत वनात शिरले. देवतांचे मन निवळले. त्यांनी जागा झाडून दिली, ऊन पाणी ठेवले, रखवाली केली. त्या वर्षावासात पाचशेही भिक्खू अर्हत झाले. हीच कथा धम्मपदाच्या अट्ठकथेतही आहे. तेथे बुद्ध भिक्खूंना म्हणतात की तुम्ही पहिल्या खेपेस शस्त्र न घेता गेलात, आता शस्त्र घेऊन जा. आणि ते शस्त्र म्हणजे हे सुत्त. गुरुजींनी हा भेद सहज म्हणून सांगितला. आमच्या कानांनी त्यातला एकच शब्द धरला: शस्त्र.

दोन रात्रींनंतर आमच्यापैकी काही जण दिवे मालवून झाडांत दबा धरून बसले. दगड मारणारा हाताला लागला. तो भूत नव्हता. तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. अंगात फाटका सदरा, मुठीत दोन खडे. आमच्यापैकी दोघांनी त्याला मारले. बाकीचे पाहत उभे राहिले. कोणी मारले आणि कोणी पाहिले, हे येथे लिहीत नाही, कारण इतक्या वर्षांनंतर आम्हाला त्यांत फरक करता येत नाही. त्याच्या ओठातून रक्त आले. तासाभरापूर्वीच आम्ही सुत्त म्हटले होते.

सकाळी त्याची आजी फाटकाशी येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. तिच्या डोक्यावर रिकामी घागर होती. टेकडीच्या कुशीत सात-आठ घरांची वस्ती आहे, हेही आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. ती माणसे पिढ्यान्पिढ्या त्या विहिरीचे पाणी नेत होती आणि त्यांची वाट झाडांखालून जात होती. कुंपण पडल्यापासून त्यांना टेकडीला वळसा घालून दुसऱ्या पाणवठ्यावर जावे लागत होते. मोठ्यांनी दोनदा येऊन सांगून पाहिले होते. मुलांनी दगड उचलले.

गुरुजींनी आम्हाला शिक्षा केली नाही. त्यांनी आम्हाला झाडांखाली बसविले आणि एवढेच विचारले, "परवाच्या कथेत देवता कोण आणि राजाचा लवाजमा कोण?"

कोणीही उत्तर दिले नाही. आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी 20 मार्च 1927 ची गोष्ट सांगितली जात असे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते ज्यांच्यासाठी, त्यांची आम्ही नातवंडे. आमच्या आज्यांनी पाणवठ्यापासून दूर उभे राहून कोणीतरी घागरीत पाणी ओतील म्हणून वाट पाहिली होती. आणि येथे आमच्या कुंपणाबाहेर एक आजी रिकामी घागर घेऊन उभी होती. कुंपण आम्ही घातले नव्हते, हे खरे. परंतु त्याच्या आत आम्ही झोपत होतो, आणि बाहेर कोण आहे असे एकदाही विचारले नव्हते.

कथेवर आमच्यातल्या एकाने आक्षेप घेतला होता की आपण देवता मानत नाही, मग ही गोष्ट कशासाठी? त्याचे उत्तर गुरुजींनी त्या दिवशी दिले. देवता आहेत की नाहीत, हा प्रश्न कथा आपणास विचारतच नाही. खुद्द सुत्तात वृक्षदेवतेचे नावही नाही. कथा एवढेच म्हणते की सज्जन माणसेही, चांगल्या कामासाठी, रीतसर परवानगीने आणि कोणाचे वाईट न चिंतता एखाद्या जागी राहावयास जातात, आणि त्यांच्या नुसत्या असण्याने कोणीतरी घराबाहेर पडते. ज्याला बाहेर पडावे लागते, तो मग भयंकर दिसू लागतो. आपण त्याला भूत म्हणतो.

मग त्यांनी सुत्त पहिल्या गाथेपासून पुन्हा वाचावयास लावले, आणि आम्हाला प्रथमच दिसले की सर्वांच्या सुखाची इच्छा सुत्ताच्या आरंभी नाही. ती तिसऱ्या गाथेच्या अखेरीस येते. तिच्या आधी शांतिपदाची इच्छा करणाऱ्याने कसे असावे, याची पंधरा लक्षणे आहेत. तो समर्थ असावा, सरळ असावा, त्याला सांगितलेले ऐकून घेता यावे, तो मृदू असावा, अभिमानी नसावा. पुढे एक शब्द येतो, सुभर. ज्याला पोसणे सोपे आहे, ज्याच्या राहण्या-खाण्याचा भार दुसऱ्यावर पडत नाही, तो सुभर. त्यानंतर अल्पकृत्य आणि हलक्या राहणीचा, म्हणजे थोडा पसारा असलेला. मग येते ते असे की घराघरांविषयी लोभ धरू नये, आणि जाणत्यांनी दोष द्यावा असे लहानसेही काम करू नये. ही सारी लक्षणे दुसऱ्याच्या गावी, दुसऱ्याच्या अन्नावर आणि दुसऱ्याच्या झाडाखाली राहणाऱ्या माणसाची आहेत, चांगल्या पाहुण्याची आहेत. सुत्त भिक्खूंना आधी पाहुणे होण्यास शिकविते, मग मैत्री करण्यास. भिक्खू पहिल्या खेपेस आणि दुसऱ्या खेपेस त्याच वनात गेले. वन बदलले नव्हते आणि देवताही त्याच होत्या. फरक एवढाच की दुसऱ्या खेपेस ते वनाच्या बाहेरूनच सुत्त म्हणत आत शिरले, जसा भला माणूस उंबऱ्याबाहेर थांबून घरात कोणी आहे का असे विचारतो.

ज्यांच्या सुखाची इच्छा करावयाची त्यांची यादी पुढे येते. लांब, मोठे, मध्यम, आखूड, सूक्ष्म, स्थूल; दिसणारे व न दिसणारे; दूरचे व जवळचे; जन्मलेले व जन्म घेऊ पाहणारे. या यादीच्या आरंभी तस आणि थावर अशी जोडी आहे. आम्ही तिचा अर्थ जंगम आणि स्थावर, म्हणजे हिंडणारे प्राणी आणि एका जागी राहणारी झाडे, असा करीत होतो. अट्ठकथा निराळा अर्थ देते. तस म्हणजे जे थरथरतात ते, ज्यांची तृष्णा आणि भय अजून गेलेले नाही ते सर्व. थावर म्हणजे ज्यांचे थरथरणे थांबले, ते अर्हत. आपल्या मराठीतला त्रास हा शब्द याच मुळाचा आहे. त्याचा जुना अर्थ भय. वनात भिक्खू थरथरत होते आणि मुलांना घेऊन झाडाखाली उतरलेल्या देवताही थरथरत होत्या. वसतिगृहात आम्ही थरथरत होतो. अंधारात दोन खडे मुठीत धरून आमच्या पत्र्याखाली येणारा तो मुलगाही थरथरतच आला असणार. सुत्ताने दोघांना एकाच शब्दात घातले होते आणि आम्ही तो शब्द रोज उच्चारीत होतो.

यादीनंतरच्या गाथेत मागणे आहे की कोणी कोणाला फसवू नये, कोठेही कोणाला तुच्छ लेखू नये, क्रोधाने वा वैरभावाने दुसऱ्याचे दुःख इच्छू नये. त्यानंतर एकुलत्या एका मुलाला जिवापलीकडे जपणाऱ्या आईची उपमा येते. त्या सकाळी ती उपमा वाचताना फाटकाशी उभी असलेली आजी आमच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

वाचून मन बदलत नाही, हे गुरुजी जाणून होते. पुढचा महिनाभर त्यांनी आम्हाला संध्याकाळी पंधरा मिनिटे मैत्रीभावनेस बसविले. त्याचा क्रम सुत्तात नाही, विसुद्धिमग्गात आहे. आरंभ शत्रूपासून करावयाचा नाही. तसे केल्यास मैत्री उपजत नाही, राग मात्र घोटला जातो. प्रथम स्वतः, मग आदरणीय गुरू, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याविषयी राग-लोभ नाही असा कोणी, आणि सर्वांत शेवटी वैरी. शेवटच्या पायरीवर मन कडवट झाले, तर बळ न करता मागच्या पायरीवर यावे. आमच्यातील बहुतेकांना तिसऱ्या पायरीपर्यंत अडचण आली नाही. चौथीवर आम्ही स्वयंपाकघरातील मावशींना घेत असू. वर्षभर त्यांच्या हातची भाकरी खाऊनही त्यांचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते, हे तेथे उमगले. पाचवीवर तो मुलगा यावयाचा. एक जण म्हणाला, "गुरुजी, तो माझा वैरी नाही. मीच त्याचा आहे." गुरुजी म्हणाले, "मग उठ आणि त्याच्याकडे जा. हे बसून होण्यासारखे नाही."

आम्ही गेलो. त्या मुलाने आमच्याशी बोलण्यास नकार दिला, आणि तो शेवटपर्यंत बोलला नाही. त्या वर्षाच्या आषाढी पौर्णिमेला, भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, शाळेने विहिरीकडच्या बाजूस कुंपणाची तार कापून वाट मोकळी केली. वस्तीतील बाया पुन्हा झाडांखालून जाऊ लागल्या. दगड थांबले. कथेतल्या देवतांसारखे कोणी आमची जागा झाडून दिली नाही की ऊन पाणी ठेवले नाही. पुढे वस्तीतील दोन मुली शाळेत दिवसा शिकावयास येऊ लागल्या. तो मुलगा मात्र आला नाही. कथेचा शेवट आणि आमचा शेवट यांत हे अंतर राहिले. सुत्ताने झालेली जखम पुसली नाही. ती कोणी केली, हे आम्हाला दाखविले.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मैत्रीला करुणेच्या पुढची पायरी म्हटले आहे; करुणा माणसापुरती, मैत्री सर्व जीवमात्रांसाठी. तो भाग आम्ही पुढे मोठेपणी वाचला. त्या वेळी आमच्यापैकी कोणी शहरात नवीन घर घेत होता, कोणी बदलीच्या गावी नोकरीवर रुजू होत होता, तर एकाने कारखान्यासाठी जमीन पाहिली होती. प्रत्येकाने आपापल्या परीने तोच प्रश्न विचारला, असे परवाच्या भेटीत बोलण्यात आले. सर्वांना नेहमी जमले, असे नाही.

आता शाळेत नवी दुमजली इमारत उभी राहत आहे. पत्र्यांच्या जागी स्लॅब येईल. नकाशात झाडे राखली आहेत, हे पाहून बरे वाटले. विहिरीकडची वाट मात्र त्यावर दाखविलेली नाही. विश्वस्त मंडळास आमची एवढीच विनंती आहे की पायाभरणीच्या दिवशी परित्राणपाठ होईल, तेव्हा मेत्त सुत्ताचा पाठ विहिरीकडच्या त्या वाटेवर उभे राहून व्हावा, आणि वस्तीतील माणसांना त्यास आधी बोलवावे. नकाशावर ती वाट आखली गेली, की आम्ही सर्व जण यावयास तयार आहोत.